अनुभव धागा: सरप्राइज गिफ्टसाठी घरच्या माणसाकडून माहिती कशी काढलीत?

सांतिनेजकर
चवथ झाली की आमच्या ताईची साठी आहे. आम्ही भावंडं मिळून तिला सोन्याच्या बांगड्या करतोय आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाहीये. माहिती काढायचं काम माझ्या गळ्यात, कारण भावोजींशी माझं पटतं. पहिल्या फोनला सरळ विचारलं की ताईला कशा बांगड्या आवडतील, तर म्हणाले, "तिला काय रे, काहीही दे, तिचं काही म्हणणं नसतं." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे उत्तर!

मग प्रश्न बदलला. म्हटलं, हातातल्या बांगड्या ती कधी काढून ठेवते? तर भावोजी सुटलेच. पीठ मळताना काढते, फ्रिजवरच्या वाटीत ठेवते, कारण नक्षीत पीठ बसतं आणि मग जुना टूथब्रश घेऊन घासत बसते. लग्नातल्या पाटल्या सुती साडीला अडकतात, धागा ओढला जातो, म्हणून त्या आता लग्नकार्यालाच बाहेर येतात. झालं की माझं काम, साध्या गोल, नक्षी नाही, कडा गुळगुळीत. माणसाला बायकोची आवड सांगता येत नाही पण ती रोज काय कुरकुरते ते तोंडपाठ असतं.

तर तुम्ही नवऱ्याला, बायकोला, जवळच्या दोस्ताला नेमका कुठला प्रश्न विचारलात ज्याने काम झालं, आणि कुठल्या प्रश्नाने भांडं फुटलं ते लिहा. गिफ्ट काय द्यावं याच्या सूचना नकोत, ते ठरलंय. आणि साईझचं पण कोणी सांगा, भावोजी म्हणतायत ताई झोपली की मनगटाला दोरा गुंडाळून मोजतो.

ताळगावची सून
दोरा नको हो, जाग आली तर काय सांगणार भावोजी 😄
माझ्या मिस्टरांच्या वेळी मी त्यांच्या मित्राला विचारलं होतं की असं काय दिलं तर हा तोंडावर छान छान म्हणेल आणि नंतर कपाटात टाकेल. आवडतं काय ते विचारलं असतं तर विचार करत बसला असता, पण हे विचारल्यावर पटापट बोलला. परफ्यूम नको, डोकं दुखतं. पाकीट नको, मागच्या वाढदिवसाची दोन तशीच आहेत. कॉलरवाला टीशर्ट नको. शेवटी उरलं ते थोडंच होतं आणि त्यातून निवडणं सोपं गेलं.

पर्वरीचा पाव
साईझ सोपा आहे. घरातली एक बांगडी घेऊन स्केलने आतलं माप काढा. दुकानात २.४, २.६ असे साईझ असतात ते इंच असतात, म्हणजे २.४ इंच भरली तर २.४ सांगायचं. दोरा मनगटाला लावून उपयोग नाही, बांगडी मनगटात नाही हाताच्या हाडांवरून जाताना अडकते.

शेटांची लेक
आमच्या घरी पिढीजात सोनारकाम, म्हणून लिहिते. पावभाऊ, हाडांचं अगदी बरोबर, आतून मोजायचं तेही बरोबर, पण २.४ म्हणजे दशांशातले इंच नव्हेत हो. दोन इंच आणि चार आणे, सोळा आण्यांचा एक इंच. म्हणजे २.४ म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५.७ सेंटीमीटर. २.६ म्हणजे ६ सेंटीमीटर आणि २.८ म्हणजे अडीच इंच, ६.३५. तुम्ही म्हणता तसं २.४ इंच मोजून २.४ सांगितलं तर एक साईझ लहान येईल आणि साठीच्या दिवशी सगळ्यांसमोर साबण लावून चढवावी लागेल. खात्री हवी तर बघा, २.८ च्या पुढे २.१० येतो आणि तो मोठा असतो, दशांश असते तर तो २.४ हून लहान झाला असता ना.

सांतिनेजकर, भावोजींना "ताईचा साईझ काय" असं विचारू नका, त्यांना माहीत नसणार आणि ते तिलाच विचारतील. विचारायचं असं की फ्रिजवरच्या वाटीत आत्ता बांगडी आहे का, आणि असली तर ती स्केलवर ठेवून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत जिथे सगळ्यात रुंद भरते तिथे किती सेंटीमीटर. वाटीतलीच, डब्यातली नाही. लग्नातल्या पाटल्यांचं माप त्या वेळच्या हाताचं असतं. आणि पट्टी रुंद करणार असाल तर तेही सोनाराला आधी सांगा, रुंद कडं त्याच मापात घट्ट जातं, बऱ्याच जणींना एक नंबर वर लागतो.

सांतिनेजकर
@शेटांची लेक, देव बरें करूं. फोटो मागवू का मग? स्केल शेजारी ठेवून?

शेटांची लेक
फोटोत मोबाईल जरा तिरका झाला की गोल लांबट दिसतो आणि माप चुकतं. आकडाच सांगायला सांगा, दोनदा आडवं-उभं मोजून. दोन्ही आकड्यांत फरक आला तर बांगडी चेपलेली आहे, मग दुसरी घ्या.

म्हापशेकर
आमच्याकडे भांडं फुटलं ते फोनमुळे. मी मेव्हण्याला व्हॉट्सॅपवर "तिला मोती आवडतात की खडे" असं लिहिलं आणि त्याचा फोन टेबलावर, स्क्रीनवर आख्खा मेसेज, बहीण शेजारी भाजी निवडतेय. तेव्हापासून मी आधी "इन्व्हर्टरवाला आला का?" असलं काहीतरी पाठवतो. समोरून "बाहेर आहे, बोल" आलं की मग कामाचं. आणि फोन केलात तर लक्षात ठेवा, आपल्याकडची पन्नाशीपुढची माणसं फोन स्पीकरवरच ठेवतात, त्यामुळे "जवळ कोण आहे?" हे विचारणंसुद्धा धोक्याचं.

एकटा जीव
मला कोणी सरप्राइज देऊ नये असं वाटतं. पैसे द्या, मी घेईन मला हवं ते.

ताळगावची सून
तुम्हाला द्यायचं असेल तेव्हा तुमच्या दोस्ताला हेच विचारू 🙂

फोंड्याचा पखवाज
आमच्या भजन मंडळात एकाच्या पन्नाशीला तबला द्यायचा ठरला. मंडळींनी त्याच्या बायकोला विचारलं, वहिनी म्हणाल्या, "द्या की, जुना फार खराब झालाय." एवढ्यावर कोणीतरी दुकानात जायला निघालं होतं, मी थांबवलं. तबल्याचं तोंड मोठं तसा सूर खाली, लहान तसा वर, त्यामुळे तो कुणाच्या साथीला बसतो त्यावर तोंडाचं माप ठरतं. हे वहिनींना कसं माहीत असणार, आणि त्यांना विचारलं असतं तर त्या त्यालाच विचारायला गेल्या असत्या. तेव्हा मी आमच्या पेटीवाल्याला विचारलं. तेही "तबला कुठला हवा" असं नाही. विचारलं, शनिवारी तो तुझ्याबरोबर वाजवतो तेव्हा तू पट्टी कुठली धरतोस? तो म्हणाला काळी एक, आणि एका बाईंच्या गाण्याला काळी पाच. म्हणजे एका तबल्यात भागणारं नव्हतंच. वहिनींना मग एकच गोष्ट विचारली, जुना डग्गा बरा आहे का. बरा होता, म्हणून त्याच पैशात काळी एकची वेगळी आणि काळी पाचची वेगळी अशी फक्त दोन दायां घेतली.

माझं म्हणणं, घरच्याला वापराचं विचारा आणि त्या विषयातल्या दोस्ताला मापाचं. उलट केलंत की दोघंही अंदाजाने सांगतात, आणि अंदाज आहे हे बोलत नाहीत.

बायंगिणीची
कुणबी साडीचं आमच्याकडचं ऐका. मैत्रिणीच्या बहिणीकडून कळलं की मैत्रिणीला तांबडी चौकड्याची साडी आवडते, आम्ही खूश. वेंडेल रॉड्रिक्सने ती रॅम्पवर आणल्यापासून सगळ्यांनाच ती सुचते, त्यामुळे तिला माहेरून एक, ऑफिसातून एक आणि आमच्याकडून एक अशा मिळाल्या. आवडते हे खरंच होतं! बहिणीला हे विचारायला हवं होतं की तिच्याकडे आधी काय आहे, आणि यंदा अजून कोण कोण देणारेय. दुसऱ्याचं उत्तर जवळच्या माणसालाच माहीत असतं, कारण सगळे त्यालाच फोन करतात.

कुळागर
धाग्याशी संबंध नाही पण जावयाला पहिल्या चवथीला काय द्यावं कोणी सांगेल का, बजेट पाच हजार.

सांतिनेजकर
वेगळा धागा काढा हो, इथे वाहून जाईल.

म्हापशेकर
मुलीला विचारा ना, मागच्या महिन्यात त्याने स्वतःसाठी काय विकत घेतलं आणि काय बघून "महाग आहे" म्हणून ठेवून दिलं. दुसऱ्यात उत्तर असतं.

पेडण्याची वाट
एक विचारायचं होतं. बायको किंवा नवऱ्याला शेवटी काय घेतलं ते सांगायचं का? माझ्या मते नाही. माझ्या दिराला माहिती काढायला घेतलं आणि घेतलेल्या वस्तूचा फोटो पण दाखवला, तर त्या दिवसापासून घरात असा हसत फिरायचा की जावेला संशय आलाच.

शेटांची लेक
सोन्याच्या बाबतीत मी सांगावं म्हणते. आमच्याकडे असं झालंय की भावंडांनी बांगड्या केल्या आणि नवऱ्याने त्याच वाढदिवसाला वेगळ्या दुकानातून बांगड्या केल्या. डिझाइन सांगू नका, पण "बांगड्या आम्ही करतोय, तुम्ही हाताचं काही घेऊ नका" एवढं तरी सांगा.

पेडण्याची वाट
हम्म. पण मग तो हसत फिरणार.

ताळगावची सून
आणखी एक. खोटं कारण द्यायचं तर त्यात तिसऱ्या ओळखीच्या माणसाला घेऊ नका. माझ्या मैत्रिणीने "माझ्या भाचीच्या लग्नाला बांगड्या घ्यायच्यात, तुझ्या बायकोचा साईझ सांग" असं सांगितलं, आणि त्या बायकोने आठवडाबाजारात भाचीच्या आईला पकडून अभिनंदन केलं. भाची अकरावीत.

पर्वरीचा पाव
😂😂
@शेटांची लेक, आण्यांचं खरंच माहीत नव्हतं, बायकोची बांगडी मोजली, ५.७ भरली आणि आत २.४ छापलेलं.

सांतिनेजकर
अपडेट. भावोजींचा फोन आला, आडवं-उभं दोन्ही ६ सेंटीमीटर, म्हणजे २.६. आधी बाहेरून मोजत होते ते ६.५ सांगत होते, आतून मोजा म्हटल्यावर जमलं. पट्टी अरुंदच ठेवतोय म्हणून साईझ वाढवत नाही. सोनार म्हणाला साईझ बदलून देईन, पण घडणावळ पुन्हा पडेल की नाही ते नीट सांगेना, ते उद्या जाऊन लेखी घेतो. बांगडी परत वाटीतच ठेवा हे मात्र भावोजींना सांगायचं राहिलंय, त्यांनी कुठे ठेवलीय देव जाणे.

म्हापशेकर
आधी इन्व्हर्टरचा मेसेज टाक.