चर्चा: कॉलनीच्या ओपन स्पेसवर दगडी पायऱ्यांचं खुलं रंगमंच, रेंडर बघून मत द्या

इंदिरानगरवाली: आमच्या कॉलनीच्या सपाट प्लॉटवर खुला रंगमंच करायचा ठरतोय. थ्रीडी रेंडर आलंय, काळ्या दगडाच्या अर्धगोल ८ पायऱ्या, प्रत्येक ३० सेंमी उंच आणि ९० खोल, प्रत्येक पायरीखाली पिवळसर लाइटची पट्टी, समोर ६० सेंमी उंच स्टेज, पहिल्या रांगेपासून ५ मीटरवर, आणि स्टेजच्या मागे मस्त सूर्यास्त. कमिटीतले निम्मे एकदम फिदा आहेत, निम्मे म्हणतात खर्च वाया. रविवारी मीटिंग आहे, तुम्हाला काय वाटतं?

सातपूरकर: मी विरोधात. ३० सेंमीवर पुढच्याचं डोकं आडवं येणार, मागच्या रांगेला काहीच दिसणार नाही, हे इतकं साधं गणित डिझाइनवाल्याला कळलं नाही का. किमान ४५ पाहिजे.

पंचवटीचा नंदू: उंची वगैरे ठीक आहे हो, पण गोलाकार दगडी पायऱ्या म्हणजे आवाज आपोआप वर जातो, जुन्या ग्रीक रंगमंचात माइक नव्हते तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं. माइक-स्पीकरचा खर्च वाचेल तो कुणी धरतच नाहीये. मी बाजूने.

ड्रॉइंगवाले काका: सातपूरकर, ४५ पाहिजे हे बरोबर, पण कारण वेगळं आहे. आपण आठव्या रांगेत बसलोय आणि स्टेजच्या पुढच्या कडेकडे बघतोय असं धरा. ३० सेंमीच्या पायरीवर आपली नजर सातव्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांच्या साधारण ९-१० सेंमी वरून जाते. डोळ्यापासून टाळूपर्यंत माणसाला १२ सेंमी लागतात, म्हणजे कमी पडतात दोन-तीन, आणि दोन डोक्यांच्या फटीतून बसलं की तेही भागतं. नाच असेल तर पावलं अधूनमधून झाकतील, बाकी दिसेल. ४५ केलं तर हाच आकडा १५ होतो, मग प्रश्नच नाही.

खरी अडचण बसण्याची आहे. ३० सेंमी उंच दगडावर मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात, पाठ टेकायला काही नाही, दोन तासांच्या कीर्तनानंतर साठीच्या पुढचा माणूस आधाराशिवाय उठू शकत नाही. रेंडरमध्ये कोणी बसलेलंच नाही म्हणून ते लक्षात येत नाही.

आणि दुसरी गोष्ट, चढायचं कुठून? बसायच्या पायऱ्या म्हणजे चालायच्या पायऱ्या नव्हेत. ४५ केलं तर प्रत्येक बैठकीला १५ सेंमीच्या तीन पायऱ्या होतात, आणि ९० खोलीत त्या ३०-३० च्या बरोबर बसतात, इतकं सरळ जमतं. त्यासाठी दोन्ही कडांना आणि मध्ये एक असे सव्वा-सव्वा मीटरचे पट्टे सोडावे लागतात, त्यात बसायची जागा जाते. रेंडरमध्ये असा एकही पट्टा नाही, पायऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहेत, म्हणून तर फोटो इतका सुंदर दिसतो. अंधारात लोक ४५ सेंमीच्या दगडावरून उतरताना पाय कुठे टाकतील ते सांगा.

इंदिरानगरवाली: काका, पण लाइट आहेत ना प्रत्येक पायरीखाली, तो उजेड पुरणार नाही का?

ड्रॉइंगवाले काका: रिकाम्या पायऱ्यांवर पुरतो. ती पट्टी दगडाच्या कडेखाली असते, उजेड खालच्या पायरीच्या मागच्या भागावर पडतो, आणि माणसं बसली की नेमका तोच भाग त्यांच्या पोटऱ्या झाकतात. ती चमक कार्यक्रम सुरू झाल्यावर जवळजवळ दिसणारच नाही. चालायच्या पट्ट्यातल्या पायऱ्यांना स्वतंत्र सर्किट द्या, कार्यक्रमात बाकी सगळं बंद केलं तरी ते चालू राहिलं पाहिजे. रंग २७०० ते ३००० केल्विन ठेवा, तो ठीकच आहे. पट्टी पाणी आत न शिरणारी, आयपी ६७ ची घ्या आणि तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर दगडात गाडू नका, बाजूला झाकणाचा बॉक्स ठेवा, नाहीतर पहिल्या पावसानंतर एक पट्टी गेली की दगड फोडायची वेळ येते.

आणखी एक, रेंडरमध्ये स्टेजची मागची भिंत उजळलीय पण समोरून एकही लाइट नाही. असं केलं तर कलाकाराची काळी आकृती दिसेल, चेहरा नाही. समोर दोन्ही बाजूंना खांब लागतील, आणि ते खांब फोटोत कोणालाच आवडत नाहीत.

पंचवटीचा नंदू: माझ्या आवाजाच्या मुद्द्याचं काय मग?

ड्रॉइंगवाले काका: चढती बैठक आवाजाला मदत करते हे खरं, कारण थेट आवाज पुढच्या डोक्यांत अडकत नाही. पण शांतता लागते, शेजारून रिक्षा-दुचाकी जात असतील तर माइक लागणारच. आणि गोलाईचं केंद्र बरोबर बोलणाऱ्याच्या जागी आलं तर उलटा त्रास, दगडावरून आवाज परत त्याच्याच कानावर येतो. केंद्र स्टेजच्या बरंच मागे टाकायला सांगा, गोलाई थोडी उघडी होईल.

गोदाकाठची वाचक: सूर्यास्ताबद्दल कोणीच बोलत नाहीये. स्टेजच्या मागे सूर्य मावळतोय म्हणजे प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसलेत, मे महिन्यात आपल्याकडे सातपर्यंत ऊन असतं, सहाचा कार्यक्रम सगळे कपाळावर हात धरून बघणार. शिवाय काळा दगड दिवसभर तापतो आणि सूर्य गेल्यावरही बराच वेळ चटका देतो. स्टेज उत्तरेला घ्या, पश्चिमेच्या कडेला झाडं लावा.

सिडकोतला बाबा: माझ्या आईला व्हीलचेअर लागते. आमच्या इथल्या नवीन हॉलला रॅम्प आहे पण इतका उभा की दोघांनी ढकलावं लागतं. तुमच्या रेंडरमध्ये स्टेजवर जायला रॅम्प आहे का? आईला कविता वाचायच्या असतात, नुसत्या ऐकायच्या नसतात.

ड्रॉइंगवाले काका: चांगला मुद्दा काढलात. १२ ला १ या उताराने ६० सेंमीच्या स्टेजला ७.२ मीटर रॅम्प लागेल, तो आत्ताच आखावा लागेल. खाली पहिल्या रांगेतही दोन-तीन खुर्च्यांपुरती सपाट जागा मोकळी सोडायला सांगा.

सातपूरकर: म्हणजे ४५ केलं तर ८ पायऱ्या म्हणजे ३.६ मीटर उंची. प्लॉट सपाट आहे असं ताईंनी लिहिलंय, मग हा डोंगर कुठून आणणार? भराव, मागे रिटेनिंग भिंत, वर रेलिंग, की पोरं मागून खाली पडणार? आणि खड्डा करून खाली गेलात तर जुलैत तळं होईल. वसंत व्याख्यानमाला गोदाघाटावर पटांगणात होते की नाही, लोक येतातच ना ऐकायला. ओटा बांधा, फरशी करा, खुर्च्या टाका, बाकी दिवस पोरं क्रिकेट खेळतील.

ड्रॉइंगवाले काका: व्याख्यानाला सपाट जागा चालते, तिथे ऐकायचं असतं. लहान मुलांचं नाटक-नाच मागून दिसत नाही. ८ च्या जागी ४५ च्या ४ पायऱ्या केल्या तर उंची १.८ मीटरच होते. थोडं खोदायचं, निघालेली माती मागे टाकायची, स्टेजसमोर जाळीची नाली करून ती बाहेरच्या पावसाळी गटाराला जोडायची. पण ते गटार तुमच्या तळापेक्षा खाली आहे का हे लेव्हल घेतल्याशिवाय खोदू नका, नसेल तर सगळं जमिनीच्या वरच करावं लागेल. दगड घोटीव नको, टाकी मारलेला घ्या आणि प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर श्रावणात शेवाळ धरतं.

सातपूरकर: ४ पायऱ्यांना माझा विरोध थोडा कमी होईल, पण मैदान जाणार ते जाणारच. त्यावर काका काही बोलले नाहीत.

इंदिरानगरवाली: मैदानाचा प्रश्न मीटिंगमध्ये सगळ्यात आधी येणार हे नक्की. मी डिझाइनवाल्याकडे उभा छेद मागवलाय, माणसं बसलेली दाखवून, आणि गटाराची लेव्हल शनिवारी घेतोय. छेद आला की इथेच टाकते.