लिलावाचा अंदाज हा चित्रकाराच्या योग्यतेचा निकष मानावा का?

धागाकर्ती: लिलावाच्या कॅटलॉगमधला किमतीचा अंदाज फक्त गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतो, असं माझं मत आहे. नाव घडवतात ते समीक्षक. कोणाला पटत नसेल तर सांगा.

जुना_कॅटलॉगवाला: ओढण्यासाठी कमी ठेवतात हे खरं, पण परिणाम तिथेच थांबत नाही. अमेरिकी चित्रकार जेकब कॅसेचे चांदीचा मुलामा दिलेले कॅनव्हास आठवा. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात एकाचा अंदाज ६,००० ते ८,००० डॉलर होता, विक्री ८६,५०० ला झाली. लोक म्हणाले, दसपट! पण अंदाज हातोडा पडतो त्या बोलीचा असतो आणि जाहीर होणाऱ्या किमतीत खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन मिसळलेलं असतं. ते वजा केलं तर बोली ७०,००० च्या आसपास येते. मे २०११ मध्ये दुसरा कॅनव्हास २,९०,५०० ला गेला. आता पुढचा अंदाज या आकड्यांवरून लागणार. म्हणजे आमिषच मोजपट्टी होऊन बसतं.

रेघोट्या: पण हे दर पुढे पाडले कोणी? समीक्षकांनीच ना! २०१४ मध्ये वॉल्टर रॉबिन्सनने जुन्या अमूर्त शैलीची नक्कल करणाऱ्या अशा चित्रांना ‘झोंबी फॉर्मॅलिझम’ म्हटलं आणि बाजार बसला.

जुना_कॅटलॉगवाला: नाव त्याने दिलं, तेही चपखल. पण ते चिकटलं, कारण झटपट नफ्यासाठी घेतलेला माल एकदमच विक्रीला आला होता. चित्र विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान, म्हणजे राखीव किमतीपर्यंत पोचलं नाही की परत जातं, आणि ‘विकलं नाही’ ही नोंद राहते. वाईट परीक्षण लोक विसरतात, ही नोंद पुढचा प्रत्येक खरेदीदार काढून बघतो.

तैलरंग: माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी स्वतः रंगवते. ओळखीच्या एकाला स्टुडिओतूनच गॅलरीच्या निम्म्या किमतीत चित्र दिलं. माझ्या हातात तेवढेच पैसे आले, कारण गॅलरी अर्धा वाटा घेते. त्याने वर्षभरात ते लिलावात घातलं आणि अंदाज लागला मी घेतलेल्या पैशांवरून. गॅलरीतली माझी बाकीची चित्रं एका दिवसात महाग ठरली.

धागाकर्ती: ही तुमची चूक की गॅलरीची?

तैलरंग: माझीच. गॅलरी चित्र कोणाला द्यायचं हे निवडते, दर हळूहळू चढवते आणि सहसा उतरवत नाही. तेव्हा मला तो अडथळा वाटायचा.

रेघोट्या: तरी संग्रहालयं लिलावाचे आकडे बघून चित्रं घेतात, हे मला पटत नाही. तिथे लेखन लागतंच.

जुना_कॅटलॉगवाला: लागतं, मान्य. पण कोणाच्या प्रदर्शनावर लिहायचं हे समीक्षक गॅलरी बघूनच ठरवतात, त्याचं काय?