मदत हवी आहे: कापूस भावाचे जुने व्हिडिओ ठेवू की लपवू?

यवतमाळकडच्या खेड्यातून कपाशीवर यूट्यूब चॅनल चालवतो. स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये अॅडव्हान्स्ड मोड उघडून, कालावधी लाइफटाइम ठेवून व्ह्यूजची उतरती यादी लावली. १४० पैकी ९ व्हिडिओंवरच पाऊण व्ह्यूज आहेत. सगळ्यात वर बोंडअळीचे कामगंध सापळे, आणि तो सर्चमधून हंगामात पुन्हा चालतो. तळाला रोजचे कापूस भाव, दुसऱ्या दिवशीच शिळे. ९० दिवसांच्या यादीतही तेच.

मॉनेटायझेशन अजून नाही. त्यासाठी लागणाऱ्या ४००० तासांच्या वॉच टाइममध्ये मागच्या १२ महिन्यांतला सार्वजनिक व्हिडिओंचाच वेळ धरतात, म्हणून चालू हंगामाचे भाव लपवणार नाही. डिलीट तर काहीच करायचं नाही. पण ज्यांना वर्षभरात कुणी पाहिलंच नाही, ते अनलिस्टेड केले तर वरच्या ९ व्हिडिओंच्या सर्चला धक्का बसतो का? कुणी स्वतः करून पाहिलंय?