कांद्याच्या गाडीचे थांबलेले तास ड्युटीत धरायचे का?

बाळे नाका (धागा काढणारा):
चुलतभावाच्या तीन गाड्या आहेत. सिद्धेश्वर मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला मलकपेटला जातात. ड्रायव्हरच्या तासांना मर्यादा हवी, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ती स्टेअरिंगवरच्या तासांना घाला. यार्डात गाडी लावून झाडाखाली बसलेला वेळ ही विश्रांतीच झाली. तोही ड्युटीत धरला तर एक खेप बसणार नाही. तुमचं मत काय?

डांबरी रस्ता:
एकदम पटलं. कायद्यातच आठ तास ड्रायव्हिंग लिहिलंय. सोलापूर ते हैदराबाद 310 किलोमीटर, भरलेली गाडी ताशी 45 च्या सरासरीने धरली तर सात तास. म्हणजे नियमात बसतंय. युरोपातही आठ तासांच्या वर चालवू देत नाहीत, तिथे तर यंत्रच बसवलेलं असतं. उगाच प्रत्येक गोष्टीत ड्रायव्हरवर अन्याय शोधायचा नाही.

जुना बल्करवाला:
डांबरी रस्ता, आकडा बरोबर पण तो कशाचा आहे ते चुकलं. मी सिमेंटच्या बल्करवर बरीच वर्षं सुपरवायझर होतो, गाड्या सोडायचं काम माझ्याकडेच होतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातले आठ तास कामाचे आहेत, नुसत्या ड्रायव्हिंगचे नाहीत. गाडी तपासणं, कागद करणं, भरताना हजर राहणं, ताडपत्री-रस्सा आवळणं हे सगळं काम. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दहा तासांपर्यंत जाता येतं, आठवड्याला 54. पाच तासांच्या आत अर्धा तास सुट्टी द्यावी लागते. एक ड्युटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे हवेत.

आता धागा काढणाऱ्यांच्या प्रश्नावर येतो. त्यांच्या बाजूने थोडं आहे. ड्रायव्हर खरंच मोकळा असेल, गाडी सोडून कुठेही जाऊ शकत असेल, तर तो लांबलचक थांबा कामाच्या तासांतून वगळता येतो. टर्मिनसवर नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो आपोआप कामात धरतात. पळवाट म्हणा हवं तर. पण त्याच कायद्यात आणखी एक कुंपण आहे, ते लोक वाचत नाहीत: सुट्टी धरून पूर्ण ड्युटी बारा तासांत आटोपली पाहिजे. एसटीवाले त्यालाच स्प्रेडओव्हर म्हणतात.

तुमच्या भावाच्या गाडीवर ते लावून बघा. ड्रायव्हर सहाला उठला, दहाला यार्डात हजर. लिलाव, वजन, भराई होऊन गाडी रात्री आठला बाहेर. बारा तास रात्री दहाला संपले, तेव्हा गाडी उमरग्याच्या आसपास. स्टेअरिंगवर फक्त दोन तास झालेत. पुढे झहिराबादजवळ अर्धा तास जेवण धरलं तरी मलकपेटला पोचायला पहाटेचे साडेतीन. स्टेअरिंगचा हिशोब सात तासांचा, माणूस मात्र साडेएकवीस तास जागा.

युरोपचंही सांगतो. तिथे दिवसाला नऊ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं. आणि त्या यंत्रात ड्रायव्हिंगबरोबर बाकीचं काम आणि ताटकळणंही वेगवेगळं नोंदवतात.

सोळा चाकी:
झाडाखाली बसतोय म्हणणाऱ्याने एक दिवस कांद्याच्या सीझनला यार्डात येऊन दाखवावं बे. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते ते सोलापूरकराला सांगायला नको. रांग दर थोड्या वेळाने चार हात सरकते. झोपलो तर मागचा हॉर्न मारतो, नंबर जातो. भराईला पोती मोजायला उभं राहावं लागतं, एक कमी भरलं तर हैदराबादला माझ्याच भत्त्यातून कापतात. डिझेलच्या टाकीवर डोळा ठेवावा लागतो. कसली विश्रांती? रात्री निघताना मालकाचा फोन, "दिवसभर झोपलास ना, आता ओढ."

पगार खेपेवर आहे. दिवसभर थांबलो त्याचं काहीच नाही. तास मोजायचे असतील तर मोजा, पण त्याचे पैसे कोण देणार ते आधी सांगा. नाहीतर नियम येईल आणि खेपा कमी होऊन माझंच पोट जाईल.

मालक तीन चाळीस:
मीच असा छोटा मालक आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. अडत्या गाडी सकाळी बोलावतो, कारण त्याला गाडी दारात हवी असते. उशीर त्याचा, हॉल्टिंग मात्र कुणी देत नाही. मागितलं तर उद्यापासून दुसऱ्याची गाडी लागते. हप्ता बँकेला दर महिन्याला जातो, तिथे स्प्रेडओव्हर चालत नाही.

उमरग्याला गाडी नऊ तास उभी करा म्हणता. कांदा ओला असेल, वरून ताडपत्री, तर पोत्यांत वाफ धरते. सकाळचा बाजार चुकला की एक दिवसाचा भाव गेला. दुसरा ड्रायव्हर ठेवा म्हणतात, आणायचा कुठून? पोरं या धंद्यात येतच नाहीत. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, 2018 मध्ये सरकारनेच ती अट काढली. तेव्हा झोपेचा विचार कुणी केला नव्हता, आणि आता सगळं छोट्या मालकावर ढकलायचं.

शिवाय ई-वे बिलाची घाई असतेच.

जुना बल्करवाला:
ई-वे बिल मध्ये आणू नका मालक. 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे हैदराबादला दोन दिवस. आणि ताज्या कांद्याला ते लागतच नाही. बाकी हॉल्टिंगचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

रातराणी:
मी एसटीत चालक आहे. आमच्याकडे कागदावर सगळं व्यवस्थित असतं, ड्युटी चार्टवर तास बसवलेले असतात. मुक्कामी गाडी घेऊन गावात रात्री साडेनऊला पोचतो, पहाटे पाचला परत काढायची. जेवण, अंथरूण, डास, सकाळी पाणी भरणं, यातून झोप चार तास. आणि पंढरपूरच्या आषाढीला तर विचारूच नका. सणासुदीला तास वाढवायची सोय कायद्यातच आहे म्हणतात. माझी बदली दिवसाच्या गाडीवर व्हावी म्हणून अर्ज दिलाय, त्याला किती दिवस लागतात कुणाला माहिती आहे का?

बाळे नाका:
भाऊ, हा बदलीचा धागा नाही. पण मुक्कामाचं ऐकून एक विचारावंसं वाटतं: एसटीला एवढे नियम असून झोप होत नसेल, तर ट्रकला तेच नियम लावून काय साधणार?

पोर्टमधली नर्स:
मी अपघात विभागात रात्रपाळी करते, म्हणून झोपेबद्दल थोडं लिहिते. सलग सतरा तास जागं राहिलं की माणसाची प्रतिक्रिया अशी मंदावते, जणू 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू आहे. आपल्याकडे 30 च्या वर गेलं की गुन्हा. वरच्या उदाहरणातल्या ड्रायव्हरचे सतरा तास रात्री अकराला भरतात, हुमनाबादच्या अलीकडेच. त्याला नाक्यावर कुणी पकडणार नाही, कारण तोंडाला वास नाही.

त्यात पहाटे दोन ते पाच ही वेळ अशी की दिवसा झोपलेल्यालाही शरीर खाली ओढतं. डुलकी लागली हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. ताशी 60 ने चाललेली गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. रम्बल पट्टीचा आवाज येऊन दचकला, मागचे दोन-चार किलोमीटर आठवत नाहीत, सारखा लेन सोडतोय, ही लक्षणं दिसली की तेव्हाच थांबायचं. खिडकी उघडणं आणि गाणी लावणं याने काही मिनिटं निघतात, बस. चहा-कॉफीचा परिणाम यायला वीस-तीस मिनिटं जातात, म्हणून चहा पिऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटावेत. पण तो उपाय पुढच्या थांब्यापर्यंत पोचण्यापुरता आहे. रात्रभराची झोप त्याने भरून निघत नाही.

डांबरी रस्ता:
मान्य, कामाचे तास वेगळे. पण हा कायदा तीन गाड्यांच्या मालकाला लागतो का? मी ऐकलं की पाच कामगार असतील तरच.

जुना बल्करवाला:
जुन्या कायद्यात पाच होते. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा कायदा विलीन झाला आणि आकडा दहा केला. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक छोटे मालक आणखीनच बाहेर गेले. ज्यांच्या गाड्या सर्वात जास्त ताणतात, तेच सुटले.

कोर्ट कॅन्टीन:
एवढ्यावर सुटत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 91 बघा. वाहतूक गाडी चालवणाऱ्या कुणाचेही तास 1961 च्या कायद्याप्रमाणे असतील, असं त्यात म्हटलंय. तिथे पाच कामगारांची अट लिहिलेली नाही. माझ्या मते एका गाडीच्या मालकालाही तास लागू होतात.

जुना बल्करवाला:
तुमचं वाचन चुकीचं म्हणणार नाही. पण ज्या कायद्याकडे बोट दाखवलंय तोच पाचच्या खाली लागत नसेल तर तास कुठून घेणार, असं समोरचा वकील म्हणेल. आणि आता तो कायदाच संहितेत गेलाय. रस्त्यावर या कलमाखाली कुणाचं चलन फाडलेलं मी तरी पाहिलं नाही. लायसन्स, पासिंग, ओव्हरलोड बघतात, "किती वाजता उठलास" कुणी विचारत नाही.

मालक तीन चाळीस:
मग नियम कुणावर लावायचा ते सांगा. मला विचाराल तर गेटवर. गाडी यार्डात आली ती वेळ बिल्टीवर लिहा, सुटली ती वेळ लिहा, अडत्याची सही घ्या. चार तासांच्या वर गेलं तर हॉल्टिंग. मग बघा गाडी सकाळी दहाला बोलावतात की संध्याकाळी पाचला. ड्रायव्हर दिवसभर घरी झोपेल आणि रात्री ताजा निघेल.

सोळा चाकी:
हे चालेल. पण घरी झोपेल म्हणता, माझं घर पत्र्याचं आहे, मेमध्ये दुपारी तिथे कुत्रंही झोपत न्हाई. केबिनमध्ये तर नाहीच. आता ऑक्टोबर 2025 पासून नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, माझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची.

पोर्टमधली नर्स:
संध्याकाळी पाचला बोलावलं तरी पहाटे दोन ते पाचचा पट्टा राहतोच. दिवसा झोपलेला ड्रायव्हर बरा, पण रात्रभर चालवणं त्याने सुरक्षित होत नाही. निदान झहिराबादच्या आधी एक सक्तीचा थांबा हवा.

बाळे नाका:
बिल्टीवरची वेळ भावाला सांगून बघतो. पण अडत्या सही देईल असं वाटत नाही. सीझनला गाडीची गरज त्याला असते तेव्हा कदाचित, एरवी नाही. बाकी थांबलेला वेळ कामात धरू नये हे माझं मत अजून तसंच आहे. फक्त तो झोपेत धरू नये एवढं मान्य.

डांबरी रस्ता:
धरायचा नाही आणि सोडायचाही नाही, मग लिहायचा कुठे?

बाळे नाका:
तेच तर विचारतोय मालक.