मदत हवी आहे: अॅपवरच्या चिकन थाळीचा दर कसा काढायचा?

रस्सा_भाकरी
टिळकवाडीत घरातूनच क्लाउड किचन चालवते. फोनवर मागवली तर चिकन थाळी 180 ला देते: सुकं, तांबडा रस्सा, दोन भाकऱ्या आणि भात. मटेरियल 82, पॅकिंग 16. अॅपचं कमिशन 25 टक्के, म्हणून 180 वर तेवढेच चढवून अॅपवर 225 लावले. 20 टक्के सूट चालू आहे, तिचा भार माझ्यावर. पेआउटमध्ये थाळीमागे 127 च्या आसपास येतात. मधले पैसे जातात कुठे, आणि दर किती ठेवू?

चिकोडी_मेस
ताई, 180 जास्तच वाटतात ओ. आमच्याकडे मेसची महिन्याची पाटी लावली की डब्याला 90 सुद्धा पुरतात. अॅप बंद करा आणि उद्यमबागेतल्या कारखान्यांत डबे लावा.

रस्सा_भाकरी
दादा, डबे वेगळे. रात्रीच्या ऑर्डरी अॅपवरूनच येतात, प्रश्न त्यांचाच आहे.

खडेबाजार_हिशेब
तुम्ही 25 टक्के चढवले 180 वर, अॅप कापतं 225 वर. म्हणजे चढवले 45 आणि गेले 56.25. शिवाय कमिशनवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो 10.13. हातात उरले 158.60 च्या आसपास. रेस्टॉरंटच्या 5 टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हा 18 टक्के तुमचा खर्चच धरा.

आता सूट घाला. 225 चे झाले 180. त्यावर कमिशन 45, जीएसटी 8.10. उरले 126.90. हाच तुमचा 127.

निपाणीकर_सीए_नव्हे
ग्राहकाच्या बिलातला 5 टक्के जीएसटीही तुम्हालाच भरायचा असतो, तोही दरात धरा. आणि 1 टक्का टीडीएस.

खडेबाजार_हिशेब
अॅपवरच्या ऑर्डरचा 5 टक्के 1 जानेवारी 2022 पासून अॅपच गोळा करून भरतं, तो दरात धरू नका. नाहीतर ग्राहक दोनदा भरेल. फोनच्या ऑर्डरींचा हिशेब मात्र वेगळा. टीडीएस कापतात हे खरं, पण ऑक्टोबर 2024 पासून तो 0.1 टक्का आहे. थाळीमागे वीस-बावीस पैसे, तेही रिटर्न भरताना वळते होतात. ते सोडून द्या.

दर काढताना उलटं या. आधी थाळीमागे हातात किती पडायला हवेत ते ठरवा. तुमचे 98, वर गॅस, मदतनीस, लाइट बिल आणि तुमची मजुरी. समजा 150 हवेत. कापली जाणारी खरी टक्केवारी 29.5, म्हणून 150 ला 0.705 ने भागा: 213. हा सूट नसतानाचा दर. 20 टक्के सूट कायम ठेवायची तर 0.564 ने भागा: 266. तेवढा आकडा मेनूवर दिसला की लोक आत येण्याआधीच पुढे सरकतात.

म्हणून टक्क्यांची सरसकट सूट काढा. थाळी 239 ठेवा आणि 449 च्या वरच्या ऑर्डरीवर सपाट 50 रुपये सूट द्या. एका थाळीला सूट नाही, हातात 168. दोन थाळ्या 478, सूट जाऊन 428, त्यातून 301 हातात, म्हणजे थाळीमागे 150. सर्वांत वाईट प्रसंगीही तुमचा आकडा टिकतो.

रस्सा_भाकरी
पॅकिंगचे 16 वेगळे लावले तर? मग थाळी 223 दिसेल.

खडेबाजार_हिशेब
बहुतेक करारांत पॅकिंग चार्जवरही कमिशन लागतं. 16 लावाल तर 11 मिळतील. पुरे 16 हवेत तर 23 लावावे लागतील, आणि ते बिलाच्या तळाशी दिसले की लोक कार्ट सोडून जातात. थाळीत धरलेले बरे. सुट्या भाकरीला मात्र हिशेब जड जातो: 15 च्या एकट्या भाकरीत कमिशन आणि डबा जाऊन काहीच उरत नाही. ती तीनचा संच म्हणून लावा.

निपाणीकर_सीए_नव्हे
सूट दिली की कमिशन कमी झालेल्या रकमेवर लागतं, म्हणजे अॅपही सूट सोसतं असंच ना?

खडेबाजार_हिशेब
अर्धं बरोबर. वरच्या उदाहरणात 45 सुटीमुळे कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून 13 वाचतात, 32 तुमच्याच खिशातून जातात. आणि तेही करारावर अवलंबून. पेआउटचं स्टेटमेंट उघडा, एकच ऑर्डर घ्या, कमिशनच्या रकमेला 25 टक्क्यांनी भागा. 180 आले तर सुटीनंतरचा आधार, 225 आले तर सुटीआधीचा. तसं निघालं तर वरचे आकडे पुन्हा मांडावे लागतील.

शहापूर_तवा
जाहिरातीचा खर्च कुणीच धरला नाही. तोही पेआउटमधूनच कापतात. आठवड्याचे 1500 आणि ऑर्डरी 60 असतील तर ऑर्डरमागे 25 गेले. 239 मध्ये तो मावतो?

खडेबाजार_हिशेब
एका थाळीत नाही. 168 मधले 25 गेले की 143. दोन थाळ्यांत थाळीमागे साडेबारा, तिथेही 138. पण साठातल्या किती ऑर्डरी जाहिरातीशिवायही आल्या असत्या, ते बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी तरी दर आधी बदलेन, जाहिरात नंतर.

शहापूर_तवा
दोन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही, हे मान्य. पण जाहिरात बंद केली की यादीत खाली ढकलतात. मी ती बंद करणार नाही.