हातात आलेला अ‍ॅडव्हान्स प्रोजेक्शनमध्ये कुठे धरायचा?

पाइपवाला_भोसरी
आमची भागीदारी फर्म, फायर फायटिंगच्या पाइपलाइनची कामं करतो. चाकणच्या एका कारखान्याची १ कोटीची ऑर्डर आहे, जीएसटी वेगळा. २० टक्के अ‍ॅडव्हान्स बँक गॅरंटीवर फेब्रुवारीत मिळेल. बाकी आरए बिलांतून, दर बिलात १० टक्के रिटेन्शन, ते काम संपल्यावर वर्षाने. काम एप्रिलनंतर. सीसी लिमिट वाढवायला प्रोजेक्शन लागतंय. अकाउंटंट २० लाख यंदाच्या विक्रीत धरतोय, भागीदार म्हणतो कुठेच धरू नका. कोण बरोबर?

वाकडी_वाट
भागीदार. अ‍ॅडव्हान्स म्हणजे ग्राहकाचं देणं. मी तर कॅश फ्लोमध्येही धरत नाही, आला तर आला.

खतावणी
देणं आहे हे बरोबर, पण मग ३१ मार्चच्या ताळेबंदात ते दिसायला नको? आणि फेब्रुवारीत बँक खात्यात पैसे आले ते कुठून आले म्हणून सांगणार? कॅश फ्लोमध्ये धरायचेच, फक्त विक्रीत नाही. विक्री कामाच्या प्रगतीप्रमाणे. यंदा काम शून्य, तर विक्रीही शून्य.

अकाउंटंटचा घोटाळा कुठे होतोय याचा माझा अंदाज: जीएसटी रिटर्नमध्ये अ‍ॅडव्हान्सचे २० लाख जातात, म्हणून तो आकडा विक्रीत उचलला असेल. पुढच्या वर्षी पूर्ण १ कोटीची आरए बिलं निघाली की एकाच ऑर्डरची विक्री १ कोटी २० लाख होते. ऑर्डरनिहाय सगळ्या वर्षांची विक्री बेरीज करून कंत्राटाच्या रकमेशी ताडून बघा, चूक लगेच सापडते. रिटर्न आणि पुस्तकांतला फरक मात्र एका कागदावर जुळवून ठेवा, बँक विचारतेच.

पॅनेलवाले
अ‍ॅडव्हान्सवर जीएसटी? आम्ही कंट्रोल पॅनेल बनवून विकतो, अ‍ॅडव्हान्सवर एक पैसा भरत नाही.

खतावणी
तुमचा माल आहे, मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर २०१७ च्या नोव्हेंबरपासून कर नाही. यांचं पाइप लावून देण्याचं काम, इमारतीत कायमचं बसणारं. ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सेवा. तिथे पैसे आले की कर आला.

म्हणून 'हातात २० लाख' हेही खरं नाही. १८ टक्क्यांनी ३.६ लाख जीएसटी येईल, तो पुढच्या महिन्यात जाईल (इनपुट क्रेडिट असेल तेवढा कमी). २ टक्के टीडीएस, ४० हजार, ग्राहक आधीच कापेल. बँकेने गॅरंटीला २० टक्के मार्जिन मागितलं तर ४ लाख एफडीत अडकतील. पाइप घ्यायला उरले १५.६ लाख.

पाइपवाला_भोसरी
आणि आरए बिलाला? पहिलं बिल ४० लाखांचं धरलंय, मे महिन्यात.

खतावणी
विक्री ४० लाख, मेमध्ये. रोख वेगळी. ८ लाख अ‍ॅडव्हान्सपोटी वळते, ४ लाख रिटेन्शन, उरले २८. जीएसटी उरलेल्या ३२ लाखांवर, ५.७६ लाख, कारण ८ लाखांवरचा आधीच भरलाय. टीडीएसही त्याच ३२ वर, ६४ हजार. खात्यात ३३.१२ लाख, त्यातला ५.७६ सरकारचा. आणि हे पैसे मेमध्ये नाहीत, ग्राहकाच्या इंजिनिअरने मोजमाप तपासून सही केल्यावर. तुमच्या मागच्या कामांत सहीपासून पैसे यायला जितके दिवस लागले तितके पुढे ढकला. रिटेन्शनची ओळ येणाऱ्या बिलांत मिसळू नका, ती वर्षाने येणार आहे.

कर्जखाते
अनेक वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या आहेत, म्हणून विरोधात बोलतो. अ‍ॅडव्हान्स देण्यात टाकला की करंट रेशो बसतो. समजा चालू मालमत्ता ६० लाख, चालू देणी ४५, रेशो १.३३. दोन्हीकडून २० वजा केले की ४० भागिले २५, म्हणजे १.६. कित्येक कंत्राटदार अ‍ॅडव्हान्स कामाच्या मालातून वजा करूनच दाखवतात.

खतावणी
त्याच कंत्राटाच्या झालेल्या कामातून वजा केलंत तर एक वेळ समजू शकतो. इथे ३१ मार्चला काम सुरूच नाही. कशातून वजा करणार?

कर्जखाते
सामान फेब्रुवारी-मार्चमध्येच साइटवर येऊन पडलेलं असतं की.

वाकडी_वाट
ते सामान ग्राहकाच्या पैशातून आलं, मग स्टॉक स्टेटमेंटमध्ये पूर्ण धरून त्यावर बँकेकडूनही उचलायचं? एकाच पाइपवर दोन ठिकाणचे पैसे.

कर्जखाते
काही शाखा अ‍ॅडव्हान्स वजा करून ड्रॉइंग पॉवर काढतात, काही करत नाहीत. मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही.

पाइपवाला_भोसरी
आमच्या मंजुरीपत्रात 'देणी वगळून माल' एवढंच आहे. त्यात ग्राहकाचा अ‍ॅडव्हान्स येतो का फक्त पाइपवाल्या व्यापाऱ्याची उधारी?

कर्जखाते
मी उधारीच धरली असती.

खतावणी
मी दोन्ही. शाखेकडून लेखी घ्या, स्टेटमेंट देण्याआधी.