मदत हवी आहे: स्कॅन पीडीएफमधल्या तक्त्याचे रकाने सरकले, बेरीज मात्र जुळते

घोंगडीवाला
नमस्कार मंडळी. १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेची स्कॅन केलेली पीडीएफ माझ्याकडे आहे. आमच्या माणदेशातल्या गावांत तेव्हा घरी घोंगड्या विणणारे किती होते, हे मला गाववार काढायचंय. आजोबा मागावर बसायचे, त्यामुळे या आकड्याची ओढ आहे.

पुस्तिकेत काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग आहेत. पहिला शेतकरी, दुसरा शेतमजूर, तिसरा खाणकाम वगैरे, चौथा घरगुती उद्योग, असे नवव्यापर्यंत. दहावा रकाना काम न करणाऱ्यांचा. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की तक्ता मोडतो आणि नुसते आकडे एका ओळीत येतात. एका गावाची पुरुषांची ओळ देतो (आकडे बदललेत, रचना तीच):

```
412 247 168 41 12 3 6 17 165
```

हव्यात बारा जागा: एकूण पुरुष, एकूण काम करणारे, मग वर्ग १ ते १०. आकडे नऊच. छापील पानावर जिथे कोणी नाही तिथे बारीक आडवी रेघ आहे, ती मजकुरात आलेलीच नाही. मी आकडे डावीकडून भरत गेलो आणि शेवटचा १६५ दहाव्यात ठेवला. १६८, ४१, १२, ३, ६, १७ यांची बेरीज २४७ येते, त्यात १६५ मिळवले की ४१२. सगळं बरोबर दिसतं, पण घरगुती उद्योगात ३ आणि खाणीत १२ माणसं येतात. आमच्या गावात खाण कधीच नव्हती. अशी साठ-सत्तर गावं आहेत. काय करू?

सह्याद्री_०७
टॅब्युला वापरा. पीडीएफ उघडायची, तक्त्याभोवती चौकोन ओढायचा, एक्सेलमध्ये घ्यायचं. मी कारखान्याचे वार्षिक अहवाल असेच काढतो, दोन मिनिटांचं काम. आणि खाण नव्हती म्हणताय, तर १२ सरळ चौथ्यात टाका, प्रश्न मिटला.

शुभदा
मलाही हाच त्रास आहे! सोसायटीचं जुनं परिपत्रक पीडीएफमधून कॉपी केलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. कोणता कन्व्हर्टर वापरू?

जुनी_बाडं
शुभदाताई, तुमचा प्रश्न जुन्या फॉन्टचा आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही, पण अक्षरांचा क्रम शाबूत आहे. इथे आकडे बरोबर आहेत आणि जागा हरवली आहे. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

सह्याद्री, टॅब्युला संगणकावर तयार झालेल्या पीडीएफवर छान चालतं. स्कॅनमध्ये ते फक्त मागे दडलेला ओसीआरचा थर वाचू शकतं. तो थर कच्चा असेल तर चौकोन ओढूनही आकडे तसेच सरकतात.

आणि १२ चौथ्यात टाकायला माझा ठाम विरोध आहे. १९६१ चा तिसरा वर्ग नुसता खाणीचा नाही. खाणकाम, दगडखाणी, पशुपालन, वनकाम, मासेमारी, फळबागा हे सगळं त्यात आहे. माणदेशात मेंढरं राखणारा तिसऱ्यात गेला आणि त्याच लोकरीची घोंगडी घरी विणणारा चौथ्यात. त्यामुळे १२ मेंढपाळ असू शकतात, विणकरही असू शकतात. गावाच्या माहितीवरून हे ठरणार नाही, ते पानावर बघूनच ठरवावं लागेल.

घोंगडीवाला, तुमची बेरीज का फसवते ते पाहा. रेघ म्हणजे शून्य, आणि शून्य कुठेही ठेवलं तरी बेरीज तीच राहते. त्यामुळे आडवी बेरीज चुकीचा अंक पकडते, सरकलेला रकाना पकडत नाही. त्यासाठी आकडा पानावर कुठे छापलाय तेच हवं. कॉपी केलेला मजकूर बाजूला ठेवा आणि पानाच्या चित्रापासून पुन्हा सुरुवात करा:

```
pdftoppm -f 41 -l 41 -r 300 -gray -png pustika.pdf pan
convert pan-041.png -deskew 40% saral.png
tesseract saral.png pan41 -l eng --psm 6 tsv
```

`pan41.tsv` मध्ये प्रत्येक आकड्यापुढे `left`, `top`, `width` मिळतील. `left` वर जाऊ नका. छपाईत आकडे उजवीकडे जुळवलेले असतात, त्यामुळे १६८ आणि ३ यांची डावी कड वेगळी पण उजवी कड एकच. म्हणून `left + width` धरा. ज्या ओळीत एकही रेघ नाही ती शोधा, बहुधा तालुक्याच्या बेरजेची असते. तिच्या बारा उजव्या कडा म्हणजे तुमचे बारा खुंट. इतर ओळींतला प्रत्येक आकडा सर्वांत जवळच्या खुंटाला बांधा. ज्या खुंटाला काहीच आलं नाही तिथे रेघ होती.

पान सरळ करणं टाळू नका. तीन हजार पिक्सेल उंचीच्या पानात एका अंशाचा तिरकेपणा असेल तर खालची ओळ वरच्यापेक्षा सुमारे ५२ पिक्सेल सरकते. रकाने दीडशे पिक्सेलवर असतील तर एवढ्यानेच आकडा शेजारच्या रकान्याच्या उंबऱ्यावर येतो.

घोंगडीवाला
ताई, तिसऱ्या वर्गात मेंढपाळ येतात हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे दोन्ही कामं करणारी घरं होती. पण रेघेऐवजी एखादा खरा आकडाच ओसीआरनं गाळला तर?

जुनी_बाडं
गाळतंच. एकटा ३ किंवा ६ असला की ठिपका समजून सोडून देतं. तिथे मात्र आडवी बेरीज कामाला येते, कारण आता एकूण जुळणार नाही. फरक किती आहे तेही बघा. ५ किंवा ५० असेल तर बहुतेक ३ चा ८ झालाय किंवा उलट. ६ असेल तर १ आणि ७. बरोबर १०० असेल तर उभी छापील रेघ आकड्याला चिकटून ४१ चा १४१ झालाय. पण हा फक्त संशय. दुरुस्ती पानावर डोळ्यांनी बघूनच करा आणि बदललेला आकडा वेगळ्या रंगात ठेवा. मी एकदा नुसत्या फरकावरून आकडे बदलले होते. त्याच ओळीत दोन चुका होत्या, आणि मी बरोबर आकडा चुकीचा केला.

शेवटी प्रत्येक रकान्याची उभी बेरीज तालुक्याच्या छापील ग्रामीण बेरजेशी ताडा. रकाना सरकला असेल तर एका वर्गात जेवढे जास्त येतील तेवढेच शेजारी कमी येतील.

सह्याद्री_०७
उजव्या कडेचं पटलं. पण साठ-सत्तरच गावं असतील तर हातानं टाईप करणं लवकर होईल, असं अजूनही वाटतं.

जुनी_बाडं
एका तालुक्यासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त टाईप करतानाही नजर ओळ चुकते, त्यामुळे दोन्ही बेरजा तेव्हाही कराच.

घोंगडीवाला
दोन रात्री बसलो. वरच्या ओळीतले १२ चौथ्या खुंटाला आले आणि पान मोठं करून बघितलं तेव्हा तिसऱ्यात बारीक रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे ते विणकरच, निदान घरगुती उद्योगातले. शेजारच्या एका गावात मात्र उलटं निघालं, तिथले ९ खरोखरच तिसऱ्यातले. अंदाजानं टाकले असते तर ते चुकले असते.

चौथ्या रकान्याची उभी बेरीज अजून ४ नं कमी येते, आणि तिसऱ्याची बरोबर जुळते. आडव्या बेरजेत एकही ओळ अडत नाही. शिवाय पुढचे वर्ग समोरच्या पानावर छापलेत आणि स्कॅनमध्ये ते पान जरा खाली सरकलंय, म्हणून ओळी मी अनुक्रमांकानं जोडतोय. तीन अनुक्रमांक शिवणीत गेलेत, वाचताच येत नाहीत. त्या तीन गावांची जोडी कशी लावायची, कोणी केलंय का?

जुनी_बाडं
त्या तीन ओळींत डाव्या पानावरचे एकूण काम करणारे घ्या आणि दोन्ही पानांवरच्या वर्गांची बेरीज त्याच्याशी लावा. तीन ओळींच्या जोड्या सहाच प्रकारे लागतात, त्यातली एकच जुळली तर सुटलं. तुमचे ४ कदाचित तिथेच असतील, नाहीतर छापील बेरीजच चुकलेली असेल. जुन्या छपाईत तेही पाहिलंय. पानाचा फोटो टाका, बघते.